दुसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरी

‘नमस्कार बाई. शाळेच्या वेबसाइटवर स्नेहसंमेलनाचा ग्रुप फोटो टाकला आहे, त्यातून माझ्या मुलीला क्रॉप करावे ही विनंती.’

पालकांची अशी ईमेल बहुतेक वेळा एवढीच असते, दोन ओळींची. लिहिणाऱ्याच्या मनात चित्र स्पष्ट असतं: कात्री घ्यायची, मुलगी कापायची, बाकीचा फोटो तसाच. शाळेतही ईमेल वाचणाऱ्याला ते पाच मिनिटांचं काम वाटतं. आणि मग संगणक शिकवणारे सर फोटो उघडून बसले की अर्ध्या तासाने लक्षात येतं, की कात्री लावायला जागाच नाही.

का नाही, ते समजून घ्यायला एक फोटो डोळ्यांसमोर आणू. मालवण-देवगड पट्ट्यातली एखादी माध्यमिक शाळा धरा. सातवी ब, मुलं 31. जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायरीपुढे तीन ओळी. खाली मांडी घालून बसलेली 9, मधे बाकांवर 10, मागे उभी 12. मुलींच्या दोन-दोन वेण्या, सगळ्यांना लाल रिबिनी, सगळ्यांचा गणवेश एक. फोटो स्टुडिओवाल्याच्या कॅमेऱ्यातला, 6000 पिक्सेल रुंद आणि 4000 उंच. ज्या मुलीसाठी ईमेल आली ती मधल्या ओळीत, डावीकडून दुसरी.

मुलांनी फोटोची साधारण 5200 पिक्सेल रुंदी व्यापली आहे, दोन्ही कडांना चारचारशे मोकळे. मधल्या ओळीत प्रत्येकीच्या वाट्याला 520 पिक्सेल येतात. म्हणजे ही मुलगी 920 पासून 1440 पर्यंत आहे. ती जावी म्हणून डावीकडून 1440 पिक्सेल कापले, तर तिच्याआधीची पहिली मुलगी जाणारच. आता मागची ओळ बघा. तिथे 12 जण त्याच रुंदीत उभे आहेत, म्हणून एकेकाला 433 पिक्सेल. 1440 वर रेघ मारली की दोघं पूर्ण गेले आणि तिसऱ्याच्या तोंडावरूनच रेघ गेली. त्याला वाचवायचं म्हणून रेघ डावीकडे सरकवली तर आपली मुलगी अर्धी दिसू लागते. त्यालाही काढायचं म्हणून उजवीकडे सरकवली, तर मधल्या ओळीतली तिसरी मुलगी अर्धी कापली जाते.

हा योगायोग नाही. ग्रुप फोटो काढताना फोटोग्राफर मागच्यांना मुद्दाम पुढच्यांच्या फटीत उभं करतो, नाहीतर मागचे दिसणार कसे? तोंडं एकमेकांआड येऊ नयेत म्हणून केलेली ही रचनाच सरळ उभी रेघ मारू देत नाही. क्रॉप म्हणजे तर फक्त सरळ रेघ. फोटोच्या कडेचा पट्टा काढता येतो, मधला माणूस काढता येत नाही. क्रॉप खऱ्या अर्थाने जमतो तो टोकाला बसलेल्या मुलाच्या बाबतीत, तेही त्याच्या वरखाली कुणी नसेल आणि शेजाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात टाकलेला नसेल तर. सातवीतली मुलं फोटोत शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकणार नाहीत, हे काही होत नाही. मग क्रॉप झाल्यावर कुणाच्या तरी खांद्यावर नुसती चार बोटं उरतात आणि बघणारा पहिल्यांदा तीच बघतो.

म्हणून ईमेलमध्ये ‘क्रॉप करा’ असं लिहूच नये, असं माझं मत आहे. काय व्हायला हवं ते लिहावं: ‘माझी मुलगी या फोटोत ओळखू येऊ नये आणि तिचं नाव त्याखाली असू नये.’ ते कसं साधायचं हे शाळेने ठरवावं. ‘क्रॉप करा’ म्हटलं की शाळा प्रामाणिकपणे ‘जमत नाही हो’ असं उत्तर देऊन मोकळी होते आणि फोटो तिथेच राहतो.

शाळेपुढे मग तीन वाटा उरतात. पहिली, चेहरा झाकणं. गाऊसियन ब्लर किंवा चौकटी-चौकटी करणारं पिक्सलेट सगळेच वापरतात, पण ब्लर हलका असेल तर ओळखीचा माणूस ओळखतोच. आणि इथे धोका ओळखीच्या माणसाचाच असतो. बसण्याची ढब, उंची, शेजारी कोण, हातातलं कडं, एवढं त्याला पुरतं. झाकायचंच तर केसांपासून हनुवटीपर्यंत पूर्ण अपारदर्शक रंग भरावा आणि फोटो जेपीजीमध्ये सपाट करून जतन करावा, म्हणजे थर वेगळा काढता येत नाही. पण 31 चेहऱ्यांत एकच झाकलेला असला की नजर तिथेच जाते. ‘ही कोण? आणि हिचाच का झाकला?’ ज्या आईने मुलीकडे लक्ष जाऊ नये म्हणून ईमेल लिहिली, तिच्या मुलीची गावभर गजाल व्हायची. झाकायचंच असेल तर निदान पाच-सहा चेहरे झाकावेत, किंवा सगळेच.

दुसरी वाट स्टुडिओवाल्याची. तो मुलीला पूर्ण काढून, टोकाच्या पहिल्या मुलीला आत सरकवून, मागे उभ्या मुलाचा शर्ट खालपर्यंत भरून देतो. ‘क्लोन’ नावाच्या हत्याराने हे होतं आणि हात चांगला असेल तर कळतही नाही. फसतं ते बाकाच्या पायांत आणि सावल्यांत. बाकाचा एक पाय कमी होतो किंवा बसलेल्या मुलीच्या पायाशी दोन माणसांची सावली राहते. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. ग्रुप फोटो ही त्या वर्गाची नोंद असते. त्यातून एक मूल असं पुसायचं की ते तिथे कधी नव्हतंच, हे शाळेने करू नये. ती मुलगी उद्या फोटो बघेल आणि आपली जागा शोधेल.

तिसरी वाट मला सगळ्यांत बरी वाटते. वेबसाइटवरून हा फोटो काढून घ्यायचा, त्या जागी दुसरा टाकायचा. स्टुडिओवाल्याने त्याच पायरीवर चार-पाच वेळा बटण दाबलेलं असतं, कारण कुणाचे तरी डोळे मिटतात. पण ही मुलगी त्या सगळ्यांत आहे, त्यामुळे ते उपयोगाचे नाहीत. रंगमंचाचा, पाठमोऱ्या प्रेक्षकांचा, रांगोळीचा फोटो चालतो. मूळ ग्रुप फोटो कागदावर छापून मुलांना घरी द्यावा, तो कुणी थांबवलेला नाही. पुढच्या वर्षीपासून तर फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवावं: एक फोटो सगळ्यांचा, वर्गासाठी, आणि ज्यांच्या पालकांची हरकत आहे ती मुलं ‘जरा पाणी पिऊन या’ म्हणून बाजूला झाल्यावर दुसरा, बाहेर टाकण्यासाठी. एका मिनिटाचं काम आहे.

आता फोटो ‘काढला’ म्हणजे काय, ते पाहू. खरा घोळ इथे होतो.

शाळांच्या पुष्कळ वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या तयार प्रणालीवर असतात. कुणा माजी विद्यार्थ्याने पुण्यात बसून करून दिलेली असते, पासवर्ड त्याच्याकडे आणि एक संगणकवाल्या सरांकडे. सर बातमीच्या पानावरून फोटो उडवतात, पान उघडून बघतात, फोटो दिसत नाही. ईमेलला उत्तर जातं: ‘आपल्या विनंतीनुसार फोटो हटवला आहे.’ पण वर्डप्रेसमध्ये पान आणि फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पानावरून काढलेला फोटो मीडिया लायब्ररीत तसाच राहतो आणि त्याचा पत्ता ज्याच्याकडे आहे त्याला तो उघडतो. शिवाय तो एकटा नसतो. एक फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या लहान-मोठ्या प्रती आपणहून तयार करतं:

```
/wp-content/uploads/2026/01/sneh-7b.jpg
/wp-content/uploads/2026/01/sneh-7b-scaled.jpg
/wp-content/uploads/2026/01/sneh-7b-1024x683.jpg
/wp-content/uploads/2026/01/sneh-7b-300x200.jpg
/wp-content/uploads/2026/01/sneh-7b-150x150.jpg
```

यातली पहिली स्टुडिओवाल्याची मूळ फाइल, 6000 पिक्सेलांची. 2019 सालच्या 5.3 आवृत्तीपासून वर्डप्रेस 2560 पिक्सेलांपेक्षा मोठ्या फोटोची `-scaled` प्रत करून पानावर तीच दाखवतं आणि मूळ फाइल मागे ठेवून देतं. पानावर दिसतो त्यापेक्षा कितीतरी स्पष्ट फोटो सर्व्हरवर असतो आणि शाळेत कुणाला त्याचा पत्ताही नसतो.

वर्डप्रेसमध्येच क्रॉप करायला गेलं तर आणखी एक गंमत होते. तिथलं `Edit Image` मूळ फाइलला हात लावत नाही. ते कापलेली नवी फाइल तयार करतं, नावाच्या शेवटी `-e` आणि एक लांब आकडा लावतं, आणि जुनी राखून ठेवतं, कारण उद्या कुणाला मूळ फोटो परत हवा असला तर एका बटणावर मिळावा. चूक दुरुस्त करण्यासाठी ही सोय उत्तम आहे, आपल्या कामासाठी उलटी. म्हणून कापाकापी करायचीच असेल तर ती संगणकावर, बाहेर करावी. लायब्ररीतला जुना फोटो उघडून `Delete permanently` करावा, त्यासोबत त्याच्या वर्डप्रेसने केलेल्या प्रतीही जातात. मग नवा फोटो नव्या नावाने चढवावा. नाव नवं हवं, कारण जुन्याच नावाने चढवला तर मधल्या कॅशेमधून, म्हणजे वाटेत साठवून ठेवलेल्या प्रतीतून, काही काळ लोकांना जुनाच दिसत राहतो आणि आईला वाटतं, शाळेने काही केलंच नाही.

या सगळ्याला दोन दिवस लागले तर लागू देत. पण त्याआधी, ईमेल वाचल्याच्या दिवशीच, ते पान `Draft` करून लायब्ररीतला फोटो काढून टाकावा. कुठली वाट घ्यायची याची चर्चा मग शिक्षकांच्या बैठकीत निवांत करावी. अनेक ठिकाणी क्रम नेमका उलटा असतो: आधी आठवडाभर चर्चा, फोटो तोवर वर.

स्मरणिकेचं प्रकरण याहून फसवं. तालुक्याच्या छापखान्यात पानं बहुधा कोरलड्रॉमध्ये लागतात. तिथे फोटो चौकटीत बसवायला पॉवरक्लिप वापरतात. चौकटीबाहेरचा भाग दिसत नाही, पण तो गेलेला नसतो, चौकटीमागे असतो. वर्डमध्ये केलेलं क्रॉपही तसंच. `Compress Pictures` मध्ये जाऊन `Delete cropped areas of pictures` वर खूण केल्याशिवाय कापलेला भाग फाइलमध्येच राहतो. अशा फाइलची पीडीएफ वेबसाइटवर गेली, तर लपवलेला भाग तिच्यातही राहिलेला असू शकतो आणि जाणकार माणूस तो काढून बघू शकतो. छापखान्याला सांगायचं ते एवढंच: फोटो आधी कापून वेगळी जेपीजी करा आणि मग पानात ठेवा. कागदावर छापून वाटलेल्या प्रती मात्र परत येत नाहीत, त्यासाठी कुणी कुणावर चिडण्यात अर्थ नाही.

कोकणात आणखी दोन जागा तपासाव्या लागतात. एक फ्लेक्स. शाळेच्या कबड्डी संघाने तालुक्याला नंबर काढला की एसटी स्टँडसमोरच्या नाक्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो आणि त्यावर तोच वेबसाइटवरचा फोटो, खाली नावं, नावापुढे वाडी. वेबसाइट कुणी बघो न बघो, नाक्यावरून सगळं गाव जातं. दुसरी जागा व्हॉट्सअॅप. वाडीच्या ग्रुपवर टाकलेला फोटो शेजारच्या वाडीत पोचायच्या आधी डोंबिवली-नालासोपाऱ्यातल्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर पोचलेला असतो. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करायला टाकणाऱ्याला साधारण अडीच दिवस मिळतात. ग्रुपचा अॅडमिन दुसऱ्याचा संदेशही काढू शकतो, पण ज्यांच्या फोनच्या गॅलरीत फोटो उतरला तिथून तो जात नाही. म्हणून शाळेने स्वतःच्या ग्रुपवरून काढावा आणि ‘तो फोटो पुढे पाठवू नये, काही नावं चुकली होती’ इतपत लिहावं. ‘अमुक मुलीच्या आईची हरकत आहे’ असं लिहिलं की त्या आईने ज्यासाठी ईमेल केली तेच उधळलं.

फोटोखालची ओळ तर विसरलीच जाते. चेहरा झाकला, नाव राहिलं, असं सर्रास होतं. नाव आणि वाडी मिळून गावात पूर्ण पत्ता होतो, आणि गुगलवर शोधताना सापडतं ते नावच. फोटोच्या `Alt Text` मध्ये, फाइलच्या नावात आणि फेसबुक पोस्टच्या मजकुरातही ते असू शकतं.

आता खुद्द ईमेलबद्दल. शाळेचा मेल बहुतेक ठिकाणी लिपिक उघडतात, ऑफिसमधल्या एकाच संगणकावर, येणारे-जाणारे मागे उभे असताना. त्यामुळे विषयाच्या ओळीत मुलीचं नाव घालू नये. फोटोवर लाल गोल करून तोही जोडू नये. तो गोल केलेला फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर ‘हिला काढायचंय’ म्हणून फिरतो. जागा शब्दांत सांगावी, आणि सांगताना डावं कुणाचं हे सांगावं. बाकावर बसलेल्या मुलीचं डावं म्हणजे बघणाऱ्याचं उजवं. सगळ्यांच्या रिबिनी लाल असताना भलतीच मुलगी झाकली जाणं अजिबात कठीण नाही, आणि मग दोन आयांचे फोन येतात.

कारण द्यायची गरज नाही. घरातला वाद कोर्टात असेल, कुणापासून दूर राहायला म्हणून आजोळी आलेली असेल, किंवा आईला नुसतं आवडत नसेल. शाळेसाठी तिन्ही सारखं. घाई असेल तर ‘सुरक्षिततेचा प्रश्न आहे’ एवढे शब्द पुरतात, बाकीचं मुख्याध्यापिकांना भेटून सांगावं. मेल साधारण असा:

‘विषय: वेबसाइटवरील एका छायाचित्राबाबत (तातडीचे)

माननीय मुख्याध्यापिका बाई यांस, सस्नेह नमस्कार.

शाळेच्या वेबसाइटवर स्नेहसंमेलनाच्या पानावर (पत्ता खाली दिला आहे) सातवी ब चा गट फोटो आहे. फोटोकडे पाहणाऱ्याच्या डावीकडून, बाकावरील ओळीत दुसरी बसलेली माझी मुलगी आहे. ती सार्वजनिक ठिकाणी ओळखू येऊ नये, अशी माझी इच्छा आहे. कृपया हा फोटो आजच तात्पुरता काढावा. नंतर शाळेला सोयीचा वाटेल तो पर्याय करावा. फोटोखालचे नाव, फेसबुक पान, व्हॉट्सअॅप ग्रुप, स्मरणिकेची पीडीएफ आणि मीडिया लायब्ररीतील मूळ फाइल यांतूनही तो जावा. वर्गासाठी छापलेल्या प्रतीला माझी हरकत नाही. काम झाल्यावर कुठून काय काढले ते कळवावे.

आपली विश्वासू,
(नाव, फोन नंबर)’

‘हरकत नाही’ हे वाक्य मुद्दाम घातलं आहे. नेमकं काय नको आणि काय चालेल हे कळलं की शाळेचा अर्धा धसका जातो.

कायद्याचा धाक पहिल्या मेलमध्ये घालू नये. गावात उद्याही त्याच बाईंना तोंड द्यायचं असतं. पण कायदा काय म्हणतो ते दोघांनाही माहीत असावं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि त्यातली मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू होणारी आहेत. बाल न्याय कायद्याचं कलम 74 आणि पॉक्सोचं कलम 23 मात्र आधीपासून आहेत. मूल एखाद्या गुन्ह्याच्या प्रकरणात पीडित किंवा साक्षीदार असेल तर त्याची ओळख पटेल असं नाव, फोटो, शाळा प्रसिद्ध करायला मनाई आहे. तिथे विनंतीचा प्रश्न उरत नाही.

शाळेचं उत्तर आल्यावर आईने तपासायचं कसं? ईमेल पाठवायच्या आधीच त्या फोटोवर बोट दाबून धरून तो नव्या टॅबमध्ये उघडावा आणि वर आलेला पत्ता जपून ठेवावा. काम झाल्याचं कळलं की तोच पत्ता खासगी विंडोमध्ये टाकावा. `404` किंवा पान सापडत नसल्याचा संदेश यायला हवा. फोटोच आला तर नुसतं पान बदललं आहे, फाइल तिथेच आहे. हे सरांना त्या पत्त्यासकट कळवावं, म्हणजे त्यांना शोधत बसावं लागत नाही. मग पत्त्याच्या शेवटची `-1024x683` किंवा `-scaled` ही शेपटी पुसून पुन्हा बघावं, तशाने मूळ फाइल राहिली असेल तर सापडते.

फाइल गेली तरी गुगलच्या चित्रांत लहानशी प्रत काही दिवस दिसते. त्यासाठी गुगलचं `Refresh Outdated Content` नावाचं साधन आहे. त्यात जुना पत्ता टाकला की गुगल पुन्हा तपासून ती काढतं. वेबसाइट दाद देत नसेल तर 18 वर्षांखालच्या मुलाचा फोटो शोधनिकालातून काढण्याचा वेगळा अर्जही पालकांना 2021 पासून करता येतो. पण तो फोटो निकालातून जातो, वेबसाइटवरून नाही. वेबसाइटवरून तो काढायला पासवर्ड असलेला माणूसच लागतो, आणि तो पुण्यात, सुट्टीवर असतो. शाळेने तेवढा पासवर्ड एका पाकिटात घालून मुख्याध्यापिकांच्या कपाटात ठेवावा.